जॉइंटमधली हवा

गाडीचा आवाज बंद झाला तर फटाकेसाहेबांना मिळणार होतं ते एकंदर दीड मिनिट. पण ज्याचा धंदाच दुसऱ्याला बेसावध गाठण्याचा, त्याच्या दृष्टीनं दीड मिनिट म्हणजे घबाड.

सात गोदामांवरचे वॉचमन त्यांच्या हाताखाली. कोण खुर्चीत पेंगतोय, कोण फाटक उघडं टाकून चहाला गेलाय, कोणी मोबाइलमध्ये तोंड घातलंय, हे बघत दिवसभर मोटारसायकलवरून फिरायचं आणि सापडेल त्याचं नाव वरती कळवायचं, ही त्यांची नोकरी. वेळ ठरलेली नसे. ठरलेली असती तर नोकरीत मजा काय राहिली? पण गेल्या सहा महिन्यांत त्यांना एकही माणूस पेंगताना सापडला नव्हता. वॉचमन सुधारले होते असं नाही. गाडी बिघडली होती. वेगात येऊन त्यांनी थ्रॉटल मिटला रे मिटला की सायलेन्सरमधून फट, फटफट, फाट असा बार निघायचा, आणि पाव मैलावरचा पेंगणारा वॉचमन ताठ उभा राहून टोपी सारखी करायचा. फटाकेसाहेब हे नाव वॉचमननीच ठेवलं. समोर नुसतंच साहेब.

या आवाजावर आणखी एक माणूस जगत होतं, ते साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांची बायको.

घर उताराच्या तळाशी. वरती पाण्याच्या टाकीपाशी रस्ता वळतो, तिथं साहेब थ्रॉटल मिटायचे आणि गाडी उतारावर सोडून द्यायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. टाकीपाशी पहिला फट झाला की घरात बाई उठायची आणि लेकीला म्हणायची, "चल." लेक चार महिन्यांच्या बाळाला उचलायची, चपला हातात घ्यायची, आणि मोरीच्या दारातून मागच्या बोळात. बाई दुपटं, बाटली, झबलं गोळा करून धुण्याच्या बादलीत तळाशी दाबायची. वरून साहेबांचाच शर्ट. साहेब गाडी स्टँडला लावायचे तेव्हा ती कणीक मळत असायची.

लेकीनं मनानं लग्न केलं त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हा ती सांगायला आली होती, एकटीच. साहेबांनी तिच्या तोंडावर दार लावलं. बाई मध्ये पडली आणि तिचा डावा हात दाराच्या फटीत राहिला. साहेबांना ते दिसलं होतं. दार त्यांनी दुसऱ्यांदा लावलं. त्यानंतर तिची करंगळी आणि शेजारचं बोट सरळ होत नाही. "परत या उंबऱ्यात दिसली," साहेब त्या रात्री जेवताना शांतपणे म्हणाले होते, "तर तुझी नाही, तिची मोडीन. बोटं नव्हे." आणि भाजी वाढायला सांगितलं होतं. बाई त्यांना पुरती ओळखत होती. आरडाओरडा केला तर ते विसरून जात. शांतपणे बोलले तर नाही.

बाळ झाल्याचं तर त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

*

टाकीच्या वळणावर मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्री एकटाच काम करायचा, माणसांपेक्षा इंजिनांशी जास्त बोलायचा. साहेबांनी एका बुधवारी गाडी त्याच्यासमोर उभी केली.

"हा तमाशा बंद कर. माझ्या आधी माझी वर्दी पोचते."

मिस्त्रीनं गाडी चालू ठेवली, थोडा चोक ओढला आणि थ्रॉटल पिळून सोडला. आवाज अर्ध्यावर आला. चोक आत ढकलला, परत पिळून सोडला. फटफट, फाट.

"उपाशी आहे," मिस्त्री म्हणाला.

"कोण?"

"इंजिन. चोकनं पेट्रोल वाढवलं की गप्प बसतं, म्हणजे एरवी कमी पडतंय. स्लो जेट तुंबलाय, पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक." मग त्यानं जाड फडकं घेऊन सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं आणि कान पुढे नेला. इंजिनाच्या तोंडाशी, जिथं पाइप हेडला जोडतो तिथून, फुस फुस ऐकू आलं. जॉइंटभोवती काजळीचं काळं कडं होतं. "आणि हे बघा, इथली रिंग गेलीय. नटही एक ढिला आहे."

"एक काय ते सांग. जेट की रिंग?"

"दोन्ही मिळून आहे ते. तुम्ही थ्रॉटल मिटता, तेव्हा आत पेट्रोल इतकं पातळ होतं की ठिणगी पडून पेटतच नाही. न पेटलेलं तसंच पाइपात जातं. आता पाइपात नुसतं पेट्रोल असून भागत नाही, हवा लागते. ती या जॉइंटमधून आत ओढली जाते. पाइप तापलेला. झाला बार."

"वर्ग घेऊ नकोस. कधी देतोस?"

"रिंग आणावी लागेल. उद्या पाचला या."

त्या रात्री साहेबांनी हे घरी सांगितलं. चांगल्या मूडमध्ये होते. "उद्यापासून मांजरासारखा येणार," ते म्हणाले. "बघतोच एकेकाला."

बाईचा हात पोळपाटावर थांबला. एकेकाला म्हणजे वॉचमनला, हे तिला कळत होतं. तरी रात्रभर ती हिशेब करत होती, घड्याळाचा. साहेब कधी दोनला येत, कधी सहाला, कधी जेवायच्या वेळी येऊन परत जात. घड्याळावर विसंबता येत नव्हतं. लेकीला फोन करायचा तर तो शेजारणीच्या फोनवरून, कारण घरातला फोन साहेब रोज रात्री तपासत. येऊ नको म्हणायचं? लेक ज्या खोलीत राहत होती तिथं नवरा सकाळी जायचा तो रात्री यायचा, दिवसभर बाळ आणि ती. परवाच म्हणाली होती, "आई, इथं आले नाही ना, तर मी भिंतीशी बोलायला लागेन."

*

गुरुवारी सकाळी बाई गॅरेजात आली. हातात पिशवी, भाजीला निघाल्यासारखी.

"दादा, आमच्या यांची गाडी आज करणार का?"

"पाचला. का, वहिनी?"

"नाही केली तर चालणार नाही का?"

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. वीस वर्षं या धंद्यात, लोक आवाज घालवायला आले होते, आवाज वाढवायला आले होते, गाडीत भूत आहे म्हणूनसुद्धा एक जण आला होता. आवाज राहू दे म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच.

"वहिनी, पेट्रोल पातळ जातंय. इंजिन तापतं त्यानं. उद्या पिस्टन धरला, इंजिन जाम झालं म्हणजे?"

"धरू दे."

"असं कसं धरू दे? इंजिनानं काय पाप केलंय?"

बाई हसली नाही. तिनं रस्त्याकडे बघितलं, मग वाकून टेबलावर डावा हात टेकला. "मला आधी कळलं पाहिजे," ती म्हणाली, "ते येतायत ते. माझी लेक येते. तिच्याकडे बाळ आहे."

मिस्त्री त्या हाताकडे बघत राहिला. दोन बोटं आत वळलेली, जणू मुठीत काहीतरी धरून ठेवलंय. वाकलेला लिव्हर आदळल्यानं वाकलाय की दाबल्यानं, हे त्याला लांबून कळायचं.

"साहेब समोर उभे राहणार," तो हळू आवाजात म्हणाला. "आवाज गेलेला त्यांना दिसला पाहिजे. असं करतो. नवी रिंग नाही मिळाली म्हणतो. जुनीच बसवतो, वरून पेस्ट लावतो, आणि नट थोडे कमी आवळतो. गाडी हादरते, तापते, निवते. आठ दिवसांत पेस्ट फुटेल. मग आवाज आहेच."

"नक्की?"

"पेस्टचं मी सांगतो, वहिनी. आठ दिवस लेकीला येऊ देऊ नका. आवाज ऐकलात की मगच बोलवा."

बाईनं मान हलवली आणि गेली. भाजी घ्यायची विसरली.

पाचला साहेब आले, स्टूल ओढून मिस्त्रीच्या खांद्याशी बसले. मिस्त्रीनं पेस्ट लावली, नट ठरल्याप्रमाणे दोन आटे कमी ठेवले. इथवर सगळं बरोबर. मग त्यानं कार्ब्युरेटर उघडला. उघडला नसता तर साहेबांनी विचारलं असतं. पण उघडल्यावर जेट नुसता पुसून परत लावता आला असता. मिस्त्रीला ते जमलं नाही. बोटात धरून त्यानं तो उजेडाकडे केला. केसाएवढ्या भोकात मळ बसलेला. तुंबलेला जेट हाताखाली आला आणि तसाच परत गेला, असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यानं फुंकर मारली, तार घातली नाही कारण तारेनं भोक मोठं होतं, पेट्रोलात बुडवून हवेच्या नळीनं झाडला, आणि मिश्रणाचा स्क्रू कानानं ऐकत बरोबर जागी आणून ठेवला. गळती तर ठेवलीय, त्यानं मनाची समजूत घातली. इंजिन तरी वाचेल.

गाडी उतारावरून गेली. एकही फट नाही. साहेब तळापासून परत वर आले, मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली, आणि पुन्हा गेले.

*

पहिल्या आठवड्यात साहेबांनी दोन वॉचमन पकडले. एक खरंच झोपला होता. दुसरा चपलेचा अंगठा शिवत होता, पण खाली बघत होता तेवढं पुरलं. दोघांची नोकरी गेली. साहेब घरी येऊन ते रंगवून सांगत, आणि सांगायला येत तेही तसेच, आवाजाशिवाय. बाई मोरीत असली की मागून एकदम सावली पडायची. एकदा तिच्या हातून पातेलं सुटलं.

"दचकतेस कशाला?" साहेब म्हणाले. "काही लपवतेस का?"

"काय लपवणार? घर केवढं?"

"तेही खरंच," म्हणाले, आणि बादलीतला शर्ट उचलून वाळत घातला. बादलीत फक्त शर्टच होता. लेकीला येऊन सहा दिवस झाले होते.

आठव्या दिवशी सकाळी साहेबांनी गाडी दारात चालू केली, बूट घालेपर्यंत तशीच ठेवली आणि निघाले. कोपऱ्यावरच्या नळापाशी वळताना थ्रॉटल मिटला. फट. थोडं थांबून, फट.

बाई दाराला टेकून उभी राहिली. सहा महिने ज्या आवाजानं काळजात धस्स व्हायचं, त्यानं आज डोळ्यांत पाणी आलं. पेस्ट फुटली होती. मिस्त्री म्हणाला होता तसंच, आठ दिवस. तिनं शेजारणीचा फोन मागितला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास साहेब टाकीच्या वळणावर गॅरेजापाशी थांबले. गाडी चालूच होती.

"झकास काम केलंस. दोन बळी घेतले."

मिस्त्रीचा कान साहेबांकडे नव्हता. इंजिनाच्या तोंडाशी फुस फुस चालली होती. पेस्ट फुटलेली. त्याला बरं वाटलं. "मग आवाज परत आला असेल, साहेब?"

"छे. काल सकाळी थंड गाडीला दोनदा झाला. तापली की एकदम गप्प. आत्ता गोदामापासून आलो, एक फट नाही."

मिस्त्रीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

थंड इंजिनाला पेट्रोल कमीच पडतं, म्हणून सकाळी वाजलं. तापल्यावर ते पडत नाही, कारण जेट स्वच्छ आहे. स्वच्छ कोणी केला? हवा आत येते आहे, पण पेटायला न जळलेलं पेट्रोलच पाइपात नाही. नुसत्या गळतीनं फुस होतं, फट होत नाही. दोन्ही मिळून आहे म्हणून त्यानंच तर सांगितलं होतं, इथंच उभं राहून. आणि सकाळचा फट वहिनींनी ऐकला असणार, लेकीला बोलावलंही असणार.

"साहेब, नट ढिला वाटतोय. दोन मिनिटं थांबा, आवळतो."

"गरम आहे, भाजून घेशील. उद्या बघू. आज लवकर घरी चाललोय, डोकं धरलंय."

"चहा तरी."

"घरी घेतो," म्हणाले, आणि गाडी उतारावर सोडली. थ्रॉटल मिटलेला, एक फट नाही. मांजर.

मिस्त्रीला धावून पोचता येणार नव्हतं. फोन नंबर नव्हता. गॅरेजच्या दारात शाळेतल्या एका मास्तरांची मोटारसायकल उभी होती, ऑइल बदलून तयार. त्यानं तीच काढली. वळण घेऊन उताराला लागला तेव्हा साहेबांची पाठ पुढे शंभर पावलांवर होती. मिस्त्रीनं गाडी तिसऱ्या गिअरात टाकली, थ्रॉटल पूर्ण पिळला आणि चावी बंद केली. इंजिन फिरत राहिलं, ठिणगीशिवाय, कच्चं पेट्रोल पाइपात लोटत. जे करणाऱ्या पोरांना तो गॅरेजातून हाकलून द्यायचा, तेच. त्यानं मनात तीन आकडे मोजले आणि चावी चालू केली.

फाट्ट.

टाकीवरची कबुतरं उडाली. त्यानं परत चावी बंद केली, परत चालू. दुसऱ्या बाराला मास्तरांचा सायलेन्सर शिवणीवर उसवला आणि गाडी ट्रकसारखी गुरगुरू लागली. पुढे साहेबांचे ब्रेकचे दिवे लागले. मिस्त्रीनं बाजूच्या गल्लीत गाडी घातली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

*

घरात बाळ चटईवर होतं. लेक केस विंचरत होती. पहिला बार झाला तेव्हा बाई म्हणाली, "चल." नेहमीसारखंच म्हणाली. लेकीनं फणी टाकली, बाळ उचललं, चपला घेतल्या. दुसरा बार झाला तेव्हा ती मोरीच्या दारात होती.

"आज केवढा मोठा झाला गं, आई."

"जा."

बाईनं दुपटं, बाटली, टोपडं बादलीत दाबलं. वर शर्ट. फणी उचलली, लेकीचे लांब केस ओढून काढले आणि पदरात बांधले. कणकेत हात घातला. आता गाडी यायला हवी होती.

आली नाही.

दीड मिनिट गेलं, दोन गेली. बोळात बाळ रडलं, एकदाच, मग तोंडावर हात ठेवल्यासारखं थांबलं. लेक अजून बोळातच होती. का होती? पुढून साहेब दिसले असतील का? का ते आज बोळाकडून येतायत? बाई कणीक मळत राहिली. पाणी जास्त झालं, कणकेचं लापशीसारखं झालं, तरी मळत राहिली. दार उघडून बघावं तर आपल्या तोंडावर काय दिसेल याचा भरवसा नव्हता. तिनं वळलेली दोन बोटं कणकेत आणखी खोल खुपसली.

चार मिनिटांनी गाडी आली, आणि साहेब दारात उभे राहिले. उजवा हात डाव्या हातानं मनगटात धरलेला. तळवा लाल, मधोमध पांढरा.

"पाणी."

ती उठली. मोरीत नळ सोडला. साहेबांनी हात पाण्याखाली धरला आणि दात आवळले. बादली त्यांच्या पायाशी होती.

"भर उतारात बार झाला," ते म्हणाले. "थांबून बघितलं. जॉइंटमधून फुस फुस. कुठून येतंय बघायला हात लावला तर चिकटलाच. तू ऐकलास ना?"

"काय?"

"बार."

बाईला क्षणभर कळेना, ऐकलेला बरा की न ऐकलेला. "कणीक मळत होते," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग कणकेकडे. "ही कणीक आहे?" शांतपणे म्हणाले.

नळ वाहत होता. साहेबांनी पायानं बादली बाजूला सरकवली, नळ अडत होता म्हणून, आणि शर्टाची बाही सुटून बाहेर आली. तिच्या आत टोपड्याची नाडी होती, बोटभर, पिवळी. बाई त्या नाडीकडे बघायचं नाही म्हणून नळाकडे बघत राहिली.

"त्या मिस्त्रीकडे आता पाऊल टाकणार नाही," साहेब म्हणाले. "मोठ्या दुकानात देतो." हात पुसायला म्हणून ते वाकले, बाही ओढली, आणि शर्ट उचलायच्या आधी त्यांचा तळवा बादलीच्या कडेला घासला. ते कळवळून सरळ झाले. "मलम कुठाय?"

"आणते," बाई म्हणाली. आणि जाताना बादली उचलून घेऊन गेली.

*

मोठ्या दुकानात नवी रिंग बसली, नट मापानं आवळले गेले. साहेबांची गाडी आता तापलेली असो की थंड, तोंडातून शब्द काढत नाही. त्यासाठी त्यांनी तळव्याची कातडी दिली, ती पंधरा दिवसांत भरून आली. दोन वॉचमननी आपल्या नोकऱ्या दिल्या. मास्तरांना नवा सायलेन्सर मिळाला, त्यांचा फायदाच झाला. तो मिस्त्रीनं पदरचा घातला आणि गाडी उसवली कशी याचं कारण कधी सांगितलं नाही. त्या दुपारनंतर लेक परत या घरी आली नाही. आईनंच नको म्हटलं.

बाकीचं बाईनं भरलं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती भाजीची पिशवी घेऊन लेकीच्या खोलीकडे चालत जाते, चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला, साहेब कोणत्या रस्त्यावर आहेत हे ठाऊक नसताना. मागून कुठलीही मोटारसायकल आली की भिंतीकडे तोंड करून उभी राहते, ती पुढे जाईपर्यंत. बाळाजवळ वीस मिनिटं बसते, आणि परत निघते.